स्मृतीचा इतिहास कसा लिहायचा? कोरेगावचा स्तंभ समोर ठेवून



आमच्या अभ्यासवर्गात मागे एकदा आम्ही मुलामुलींना निबंध लिहायला सांगितला होता. विषय होता ‘आपली सामूहिक स्मृती’. पंधरा-सोळा निबंध आले. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकसारखी होती. हजारो वर्षांचा अन्याय, पूर्वजांचे शौर्य, रक्ताने लिहिलेला इतिहास, पिढ्यान्‌पिढ्या धगधगणारी आठवण. एका मुलाने लिहिले होते, ‘पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले आणि त्या दिवशी पेशवाई संपली.’ आम्ही त्याला विचारले, ‘तू स्तंभ पाहिलास का?’ तो म्हणाला, ‘दादा, दरवर्षी जातो.’ मग विचारले, ‘स्तंभावर काय लिहिलंय?’ तो गप्प झाला. वर्गात त्या वर्षी जाऊन आलेले आणखी सातजण होते. तेही गप्प.

आम्ही त्यांना दोष देत नाही. एक जानेवारीला तिथे एवढी गर्दी असते की माणूस रांगेतून पुढे ढकलला जातो, फूल वाहतो, हात जोडतो आणि बाहेर पडतो. वाचायला उसंत मिळत नाही. पण ज्या वस्तूवर आपण आपली सगळी स्मृती टांगली आहे, ती वस्तूच आपण नीट पाहिलेली नसेल, तर आपले लिखाण हवेत राहते. आणि हवेतले लिखाण विरोधकाला एका फुंकरीत उडवता येते. म्हणून हा लेख. स्मृती, काळ, इतिहास हे शब्द हाताला लागत नाहीत. दगड हाताला लागतो. तेव्हा दगडापासून सुरुवात करू.

पहिली गोष्ट, स्तंभ उभा कुठे आहे? आपण ‘भीमा कोरेगावचा स्तंभ’ म्हणतो. पुण्याहून नगर रस्त्याने निघालात की आधी पेरणे लागते. स्तंभ पेरण्याच्या हद्दीत आहे, भीमेच्या अलीकडे. पूल ओलांडला की पलीकडे कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली ती मुख्यतः पलीकडच्या गावात, तिथल्या गल्ल्यांतून, घरांच्या आणि देवळाच्या भिंतींच्या आडोशाने. कॅप्टन स्टॉन्टन आपली तुकडी घेऊन आदल्या संध्याकाळी शिरूरहून निघाला होता. पुण्यातल्या इंग्रजी फौजेला कुमक हवी होती. रात्रभर चालून सकाळी ही तुकडी कोरेगावजवळ पोहोचली, तर नदीच्या दुसऱ्या काठाला पेशव्याची छावणी पसरलेली. स्टॉन्टनने गावाचा आसरा घेतला. म्हणजे आज ज्या काठावर आपण मानवंदना देतो, त्या बाजूला तेव्हा पेशव्याची फौज होती. पूल ओलांडून पलीकडे जाणारे आणि नदीकडे तोंड करून उभे राहणारे फार थोडे. आमचा अनुभव सांगतो. पलीकडून पाहिल्यावर त्या दिवसाचे एक साधे सत्य लगेच कळते. पाणी समोर दिसत होते आणि दिवसभर ते मिळत नव्हते. रात्रभर चालून आलेले, उपाशी, तहानलेले लोक भरदुपारी लढत होते. ‘शौर्य’ हा शब्द न वापरताही हे लिहिता येते, आणि मग वाचणाऱ्याला तो शब्द आपोआप सुचतो.

दुसरी गोष्ट, स्तंभावरचा मजकूर. स्तंभ साठ-पासष्ट फूट उंच आहे, खाली चौकोनी चौथरा, वर निमुळता होत गेलेला. हा आकार इथला नाही. मुळात इजिप्तचा, तिथून युरोपने उचललेला आणि साम्राज्याच्या विजयाची खूण म्हणून जगभर उभा केलेला. पायाभरणी १८२१ सालची, आणि मजकुराखाली साल कोरले आहे १८२२, तेही रोमन अक्षरांत. मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहे. त्यात काय म्हटले आहे? कॅप्टन स्टॉन्टनच्या तुकडीला पेशव्याच्या सैन्याने वेढले, तुकडीने दिवसभर निकराचे हल्ले थोपवले, शत्रूला हटवले, आणि पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याचा हा मोठा अभिमानाचा विजय आहे. दुसऱ्या भागात म्हटले आहे की या शूर शिपायांची स्मृती टिकावी म्हणून सरकारने पलटणींची आणि मेलेल्या-जखमी झालेल्यांची नावे इथे कोरवली आहेत.

आता नीट लक्ष द्या. या मजकुरात ‘महार’ हा शब्द नाही. ‘अस्पृश्य’ नाही. जातीचा, अन्यायाचा, मुक्तीचा उल्लेख नाही. दगड घडवणाऱ्याच्या डोक्यातच ते नव्हते. त्याला आपल्या साम्राज्याची स्मृती टिकवायची होती.

मग आपण तिथे का जातो? कारण नावे. मेलेल्यांची जी ४९ नावे आहेत, त्यांतली २२ नावे ‘नाक’ने संपतात. रामनाक येसनाक असे शिपायाचे नाव आणि पुढे बापाचे नाव, दोन्हींना ‘नाक’. जुन्या कागदपत्रांत हा प्रत्यय महार पुरुषांच्या नावाला लागतो. इंग्रज कारकुनाने तो ‘नॅक’ असा ऐकून इंग्रजी अक्षरांत उतरवला आणि पाथरवटाने तसाच कोरला. कारकुनाला जात नोंदवायची नव्हती, त्याने फक्त हजेरीपटावरचे नाव उतरवले. पण ते नावच जात सांगत होते. म्हणजे आपली सगळी स्मृती त्या साठ फूट उंचीत नाही, ती एका दोन अक्षरी प्रत्ययात आहे. पुढे शाळेच्या दाखल्यावर आडनावे आली आणि ‘नाक’ गळून पडले. आज कोणाच्या नावात ते नाही. त्यामुळे ज्याला हा प्रत्यय ठाऊक नाही, तो माणूस त्या यादीपुढे तासभर उभा राहिला तरी त्याला तिथे महार दिसणार नाहीत. दगड स्वतःहून बोलत नाही, वाचणारा लागतो.

उरलेली २७ नावे कोणाची? मराठ्यांची १६, राजपुतांची ८, मुसलमान, आणि एखाद-दुसरे बेने इस्रायली. हे लपवण्याचे काही कारण नाही. कंपनीचे पायदळ पाचशेच्या आसपास होते, ते मिश्र होते. घोडदळ तीनेकशे आणि दोन तोफांवरचे लोक धरून एकूण आकडा आठशेच्या वर जातो. पेशव्याची फौज अठ्ठावीस हजार सांगितली जाते, पण गावावर प्रत्यक्ष चालून आल्या त्या अरब, गोसावी आणि शिस्तीच्या पायदळाच्या निवडक तुकड्या, दोनेक हजारांच्या. आणि पेशवाई त्या दिवशी संपली नाही. पुण्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण नोव्हेंबर १८१७ मध्येच चढले होते. कोरेगावनंतर बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पडला आणि दुसरा बाजीराव जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. कोरेगाव हा त्या साखळीतला एक दुवा आहे.

इथे वर्गात एका मुलीने हात वर केला. म्हणाली, ‘दादा, मग आपण जे सांगतो ते खोटं का?’ प्रश्न बरोबर होता आणि तो टाळून चालणार नाही. २०१८ च्या हिंसाचारानंतर तर हा प्रश्न चहाच्या टपरीवरही विचारला जातो. आनंद तेलतुंबडे यांनी त्याच सुमारास लेख लिहून सांगितले की कोरेगावची लढाई ही महारांनी पेशवाईच्या जातिजुलमाविरुद्ध लढलेली लढाई होती हे मिथक आहे. महार शिपाई पगारासाठी कंपनीच्या नोकरीत होते, तसे इतर जातींचेही होते. त्यांच्या लेखावर आपल्याकडे फार गदारोळ झाला. आमचे मत असे की १८१८ पुरते बोलायचे तर त्यांचा मुद्दा खोडता येत नाही. त्या सकाळी शिपायांच्या मनात काय होते हे सांगणारे त्यांचे स्वतःचे एकही पत्र आपल्याकडे नाही, आणि जे आपल्याकडे नाही ते आपण त्यांच्या तोंडी घालू नये. पण स्तंभाचा इतिहास १८१८ ला संपत नाही, तो १८२२ ला सुरू होतो. लढाई एक दिवसाची. दगड दोनशे वर्षे उभा आहे आणि या दोनशे वर्षांत त्याचे काम बदलत गेले आहे. स्मृतीचा इतिहास लिहायचा म्हणजे हे काम कसे बदलले ते लिहायचे.

पहिली काही दशके तो निव्वळ इंग्रजांचा दगड होता. साहेब लोक येत, पाहत, प्रवासवर्णनात नोंद करत. या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेत महार मोठ्या संख्येने भरती होत होते आणि फौजेने त्यांना एक गोष्ट दिली जी गावगाड्याने कधीच दिली नसती. ती म्हणजे छावणीतली शाळा. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेच्या शाळेत मास्तर होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला, हे आपण सगळे जाणतो. बंदुकीइतकेच पाटीचे महत्त्व आहे हे त्या छावण्यांत कळले.

आणि नेमके तेव्हाच दार बंद झाले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी महारांची भरती थांबवली. कोण लढाऊ आणि कोण नाही हे आता जन्मावरून ठरणार होते. ज्यांच्या पूर्वजांची नावे सरकारने स्वखर्चाने दगडात कोरली, त्यांनाच सरकार म्हणत होते की तुम्ही लढणाऱ्यांतले नाही. आमच्या मते स्तंभाच्या आयुष्यातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे आणि आपल्या भाषणांत ते जवळजवळ येतच नाही. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि १९१० साली थेट भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला. त्यात फौजेत आणि पोलिसांत महारांना प्रवेश मागितला होता. या सगळ्या खटपटीत पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला पुन्हा पुन्हा दिला गेला. कांबळ्यांनीच स्तंभापाशी लोकांना जमवायला सुरुवात केली.

जरा थांबून विचार करा, ते काय करत होते. जमिनीच्या वादात आपले आजे-पणजे जुनी सनद काढून पुढे ठेवत. इथे सनद कागदाची नव्हती, दगडाची होती. तिच्यावर सही प्रत्यक्ष सरकारची. ती नाकारायची तर सरकारला स्वतःचाच दगड खोटा ठरवावा लागला असता. म्हणून आम्ही म्हणतो, ‘इंग्रजांच्या स्तंभापुढे काय झुकता?’ असे विचारणाऱ्याला हा मधला काळ सांगा. आपली माणसे तिथे प्रथम जमली ती इंग्रजांचे आभार मानायला नाही. इंग्रजांनीच नाकारलेला हक्क मागताना त्यांनी इंग्रजांचाच लेखी पुरावा त्यांच्यापुढे धरला होता. यात लाचारी होती का? अर्जाची भाषा नम्र असते आणि तेव्हाच्या अर्जांत राजनिष्ठेचे शब्द आहेत, हे खरे. ते वाचताना आम्हालाही अवघडायला होते. पण अर्जदाराच्या हातात दुसरे काही नव्हते.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी आले. तारखेकडे पाहा. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १९ आणि २० मार्चला, महाडची परिषद आणि चवदार तळे. महाडच्या परिषदेतही निवृत्त महार शिपाई मोठ्या संख्येने होते, कारण कोकणच्या त्या भागात पेन्शनरांची वस्ती होती. अर्जाचा दगड आता आत्मसन्मानाचा दगड झाला. आणि बाबासाहेबांनी इंग्रजांना यात कुठे सूट दिली का? नोव्हेंबर १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत ते इंग्रजांच्या तोंडावर म्हणाले की तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, पोलिसांत आणि फौजेत घेत नव्हते, आणि तुम्ही आल्यावरही तीच स्थिती आहे. कोरेगावला जाणारा माणूस आणि लंडनमध्ये हे बोलणारा माणूस एकच. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून वाचल्या तर आपल्यावरचा ‘इंग्रजधार्जिणे’ हा आरोप टिकत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये इंग्रजांनी महारांची एक पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडली. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ होता. पेरण्याचा साठ फुटी दगड शिपायाच्या कपाळावर इंचभर होऊन बसला. स्वातंत्र्य आल्यावर बिल्ल्यातून तो काढून टाकण्यात आला. दगड जागेवरच राहिला. त्याची खूण मात्र एका काळाला हवी होती आणि दुसऱ्या काळाला अडचणीची वाटली. स्मृती कोण ठेवतो आणि कोण पुसतो याची चर्चा करताना समाजशास्त्रातली जड पुस्तके आम्ही एम.ए.ला वाचली, पण हा बिल्ला समोर ठेवला असता तर अर्धे काम झाले असते, असे आज वाटते.

आता या पद्धतीची मर्यादा. ती सांगितली नाही तर आम्ही तुम्हाला फसवले असे होईल. वस्तू धरून लिहायचे म्हटले की जी वस्तू टिकली तिच्याबद्दलच लिहिले जाते. आणि टिकते ते सत्तेचे. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, असे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये १९३६ साली नोंदवले. तुमच्या-माझ्या घरात ही गोष्ट आजीकडून आलेली असते. पण ते मडके कुठे आहे? कोणत्या वस्तुसंग्रहालयात आहे? मातीचे मडके फुटते, शिंदीचा झाडू कुजतो, आणि ज्याच्या गळ्यात ते होते तो ते जपून कशाला ठेवील? पहिल्या संधीला आपटून फोडील. विरोधक म्हणतात, ‘पुरावा दाखवा.’ शनिवारवाड्याचा दरवाजा दाखवता येतो, मडके दाखवता येत नाही. स्तंभ सरकारचा होता म्हणून दगडात राहिला, मडके आपले होते म्हणून फक्त तोंडी राहिले.

अशा वेळी काय करायचे? नसलेल्या वस्तूचे वर्णन रंगवून करायचे नाही. ‘ते काळे, जड, तडा गेलेले मडके’ असे लिहिले की आपण कथा लिहितो, इतिहास नाही. ती गोष्ट कोणी सांगितली, कधी सांगितली, सांगणाऱ्याने ती कोणाकडून ऐकली, हे लिहायचे. सांगणाऱ्याचे वय आणि गाव लिहायचे. दोन घरांतल्या सांगण्यात फरक असेल तर फरक ठेवायचा, जुळवून टाकायचा नाही. वस्तू नसेल तिथे सांगण्याची साखळी हाच आपला दगड. अजून ऐंशी-नव्वदीतल्या बाया आहेत. त्या गेल्या की ही साखळीही गेली.

त्या मुलाचा निबंध आम्ही परत दिला होता. पुढच्या एक जानेवारीला नाही, मार्चमधल्या एका साध्या मंगळवारी तो एकटा पेरण्याला गेला. गर्दी नव्हती. वही घेऊन चारही बाजू फिरला. अक्षरे झिजली आहेत, काही ओळी उन्हात वाचता येत नव्हत्या. सावली सरकेपर्यंत थांबला आणि तिरप्या उन्हात वाचल्या. ‘नाक’ची नावे मोजली तर एकोणीस भरली. परत मोजली, एकवीस. तिसऱ्यांदा बावीस. मग पूल ओलांडून पलीकडे गेला. नंतर त्याने जो निबंध लिहिला त्यात शौर्य, धगधगती मशाल, रक्त वगैरे शब्द नव्हते. सुरुवात अशी होती की मी आठ वर्षे इथे येतो आणि आज पहिल्यांदा नावे वाचली. पुढे त्याने आपल्या घरातली नावे मागे मागे लिहीत नेली. स्वतःचे, बापाचे, आजाचे, पणजाचे. पणज्याच्या बापाच्या नावापाशी अडला. घरात कोणालाच ते सांगता येईना. आता तो तहसील कचेरीत जुने हक्कनोंदीचे कागद शोधतो आहे, एखाद्या पानावर ‘नाक’ लागलेले आपल्या घरचे नाव सापडते का ते पाहायला. दोनदा हात हलवत परत आला आहे. कारकून म्हणतो, मोडीतले दप्तर वाचणारा माणूस घेऊन या. आमच्यापैकी दोघांनी त्यासाठी मोडीचा वर्ग लावला आहे.